पित्यापाशी

इतवारीभाऊचा स्वभाव असा, की मोडेल पण वाकणार नाही. भामरागडच्या दोन खोल्यांत बसून त्यानं योहानाचं शुभवर्तमान ग्रीकवरून माडिया बोलीत आणलं. त्या कामी साथ होती एकट्या बुधरीची, त्याच्या बायकोची. तो वाक्य वाचायचा, ती चुलीपुढून म्हणायची, "हे कोणी असं बोलत नाई जी." की तो चिडायचा, चिडून झालं की सुधारायचा. मागच्या हिवाळ्यात बुधरी तापानं गेली. त्यानंतर उरलेले अध्याय आणि शेवटची तपासणी त्यानं एकट्यानं केली. एकट्यानं म्हणजे अगदीच एकट्यानं. दिवसदिवस आवाज निघायचा तो फक्त पातेल्याचा.

आता नागपूरहून ग्रीक जाणणारी तपासनीस आली होती, दिव्यानी. तिनं हो म्हटलं तर पुस्तक छापायला जाणार. नाही म्हटलं, तर अजून वर्षभर हाच मजकूर, हीच खोली आणि हा एकटा माणूस. तपासणीची रीत साधी आहे. ज्यानं मजकूर आधी कधीच ऐकला नाही, त्याला तो ऐकवायचा आणि काय कळलं ते त्याच्याच शब्दांत विचारायचं. ऐकायला शेजारची दुर्गा आली होती.

सतराव्या अध्यायातली प्रार्थना इतवारीनं वाचली. येशू पित्याला म्हणतो, जग होण्याआधी तुझ्यापासून माझं जे गौरव होतं, ते आता मला दे.

"काय कळलं, दुर्गाबाई?" दिव्यानीनं विचारलं.

"बापानं पोराले गौरव धाडलं," दुर्गा म्हणाली. "जसे घरून मोहफुलं धाडतेत. पोरगा कुठी तरी दूर आहे."

दिव्यानीनं ग्रीक वाक्यावर बोट ठेवलं. ग्रीकमध्ये 'पारा' असा एक शब्द आहे. त्याच्या पुढचं नाम षष्ठी विभक्तीत असलं, तर 'त्याच्याकडून, त्याच्यापासून'. चतुर्थीत असलं, तर 'त्याच्यापाशी'. द्वितीयेत असलं, तर 'त्याच्या बाजूला, काठाकाठानं'. शब्द तोच, पण पुढच्या नामाच्या रूपावर सगळं ठरतं.

"भाऊ, इथं 'पारा सोई' आहे," ती म्हणाली. "चतुर्थी. 'तुझ्यापाशी'. तुम्ही 'तुझ्यापासून' लिहिलंय. तीनच वचनं खाली 'पारा सू' येतं, षष्ठी, 'तुझ्यापासून मी निघालो'. तिथं ते बरोबर आहे. इथं नाही."

"बापाकडून भेटल्याबिगर गौरव येईल कुठून?" इतवारी तडकला. "अर्थ तोच होते!"

"तोच नाही होत. दुर्गाबाईंनी बाप आणि लेक वेगळे ऐकले."

दिव्यानीनं जुना मसुदा काढला. तिथं 'तुझ्यापाशी'च होतं. मग तिनं मागची पानं चाळली. आठव्या अध्यायात 'पित्यापाशी जे मी पाहिलं' होतं, त्याचंही 'पित्याकडून' झालेलं. कोंबडं झाकून उजाडायचं थोडंच राहतं!

"भाऊ, हे बदललं काऊन?" नागपूरची पोरगीच ती, घाईत अस्सल बोलीवर आली.

"तो शब्द बुधरीनं देल्ला होता," इतवारी म्हणाला, जमिनीकडे पाहून. "आमच्या बोलीत 'पाशी' तोच, जो एका आगीले, एका चटईवर बसलेल्याले म्हणतेत. ते गेली, मंग तो शब्द मले वाचवेना. जिथं जिथं 'पासून' खपून जाईल, तिथं बसवून देल्लं. चालत नव्हतं, मले माहीत होतं. तरी देल्लं." त्यानं पानावरच्या शब्दावर बोट ठेवलं. "'पासून' म्हटलं का माणूस निघून जाते, बाई. ते मले समजते."

दिव्यानीला वाईट वाटलं. पण काम ते काम. "मी हे पास नाही करू शकत," ती हळूच म्हणाली. "पण तुम्ही आत्ता वाचून पहा. बोलून पहा."

इतवारीनं डोळे मिटले, आणि बुधरीचा शब्द घालून वाक्य म्हटलं: हे बापा, जग नव्हतं तेव्हा तुझ्यापाशी माझं जे गौरव होतं, त्यानं आता तुझ्यापाशीच माझं गौरव कर.

"आता?" दिव्यानीनं दुर्गाला विचारलं.

दुर्गानं मान डोलावली. "आता समजलं. दोघं एका आगीपाशी होते. मंग लेकाले निघावं लागलं. आता तो म्हणून राह्यला, बापा, मले आपल्याजवळ परत बसू दे." तिनं चुलीकडे पाहिलं. "लय एकटा आहे बिचारा."

इतवारीच्या छातीतून हुंदका फुटला. बुधरीला नेलं त्या दिवशीसुद्धा त्याच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. आता तो दोघींसमोर लहान पोरासारखा रडला. "हो बाई," तो म्हणाला, "लय एकटा."