टेकडीसाठी तिप्पट माणसं

मुख्यालयातल्या नकाशाच्या खोलीत माझा शब्द शेवटचा असे. मी तापट, त्यात आकडेमोडीत पक्का, त्यामुळे कोणी वाद घालत नसे. घालायचा तो एकच, माझा धाकटा भाऊ. टेकडीवरची शंभर माणसांची तुकडी त्याच्याकडे होती.

"दादा, राखीव तुकडी इकडे पाठव. निदान जॅमर तरी दे. त्यांचे ड्रोन दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतात."

ड्रोनचे सिग्नल तोडणारा जॅमर आमच्याकडे एकच होता.

"तुझ्यासमोर दीडशे आहेत," मी म्हणालो. "तू खंदकात, ते उघड्या उतारावर. प्रत्येक वाटेवर तुझ्या मशीनगनचा नेम आधीच लावलेला. निम्मे तर वर पोचायच्या आधीच पडतील. टेकडी घ्यायला तिप्पट लागतात, हे तुला शाळेतल्या पोरासारखं शिकवू का? तिकडे नदीच्या पुलावर आपल्या माणसांसमोर चौपट जमलेत. राखीव तुकडी आणि जॅमर तिकडेच."

"त्यांनाही तिप्पटीचं माहीत असेलच की."

"डोकं नको खाऊस," म्हणून मी फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी, धुकं विरताच, ते टेकडीवरच आले. आधी ड्रोन आले, चाळीसेक. एकेक ड्रोन एकेका मशीनगनवर आणि खंदकाच्या तोंडात आदळला. दहा मिनिटांत नेम लावलेली एकही बंदूक उरली नाही. मग ते दीडशे जण उतार चढून आले, जवळजवळ चालतच. ज्या गोळ्यांसाठी तिप्पट माणसं लागतात, त्या गोळ्या झाडायलाच कोणी नव्हतं. राखीव तुकडी पुलावरून निघून पोचेपर्यंत दोन तास गेले.

पुलासमोरचे चौपट म्हणजे रिकामे तंबू, हवा भरून फुगवलेले रबरी रणगाडे आणि वायरलेसवर दिवसभर बडबडणारी मूठभर माणसं. मी तंबू मोजले होते. तंबूंपुढे चुलीचा धूर कधी दिसला का, हे विचारायचं मला सुचलं नाही. एवढं साधं.

साहेबांनी पाठीवर हात ठेवला. "नियमाप्रमाणे तुझं बरोबर होतं." मला त्यांचा हात झिडकारावासा वाटला.

भावाच्या घरी मी एकटाच गेलो. भावजय दारातच उभी होती. तो गेल्याची बातमी तिला आधीच कळली होती. रडून डोळे सुजले होते, पण माझ्यासाठी तिने खुर्ची पुढे केली. मला ती दया सोसवेना. मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. त्याने मागितलं, मी नाही म्हणालो, वर त्याच्यावर ओरडलो.

ती दार लोटून माझ्यासमोर येऊन बसली.

"परवा त्यांचा फोन आला होता," ती म्हणाली. "मी घाबरले होते, परत या म्हणत होते. तर ते हसले. म्हणाले, काळजी करू नकोस, दादाने स्वतः मोजलंय."