तिच्या जागी मनस्वी

"रजेच्या पत्रात कुणा एकाचं नाव घालू नगंस," विजयमालाताईंनी मला बजावलं होतं. "काम तिघांत वाट. एकच नाव लिहिलंस, की तुझी खुर्ची तू आपल्या हातानं दिलीस असं समज."

विजयमालाताई आमच्या अकाउंट्समध्ये. मूळच्या साताऱ्याच्या. त्यांनी ऑफिसात इतक्या जणांना येताना-जाताना पाहिलंय, की कुणी रजेचं नाव काढलं तरी त्यांचा चेहरा बदलतो. मी हसले होते. म्हटलं, "ताई, तुम्ही फार संशय घेता. आपल्याकडे असं नाही होत."

"बरं बाई," त्या म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं.

आमची कंपनी फळं बाहेरच्या देशांत पाठवते. ऑफिस तुर्भ्याला, माल भरायचा तो वाशीच्या मार्केटच्या बाजूला. मी कागदपत्रं बघते: बिल, पॅकिंग लिस्ट आणि मालाला कीड नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र, ज्याला आम्ही सगळे नुसतं 'फायटो' म्हणतो. प्रत्येक देशाला त्यावर वेगळं वाक्य लागतं. ते चुकलं, तर परदेशातल्या विमानतळावर माल सडतो. मला ती वाक्यं पाठ आहेत. सात वर्षं दुसरं केलंय काय?

माझ्या लेकीला, रेवाला, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दोन वर्षांची झाल्यावर तिच्या कानाचं ऑपरेशन झालं, मशीन बसवलं. आवाज आत जायला लागला, पण आवाज म्हणजे काय ते तिला शिकवायचं होतं. थेरपिस्टनं स्पष्ट सांगितलं, "आईनं बसायला हवं. आया नको, आजी नको. आता सहा महिने दिलेत तर ते आयुष्यभर पुरतील." माझा नवरा निखिल, त्याची नोकरी शिफ्टची. मग मीच बिनपगारी सुट्टी मागायची ठरवली.

ते पत्र मी किती जपून लिहिलं! इंग्रजीत होतं, पण मजकूर असा. जूनपासून नोव्हेंबरअखेर बिनपगारी रजा. आंबा संपल्यावर जाईन आणि द्राक्षं सुरू व्हायच्या आत येईन, म्हणजे तुमचं काही अडणार नाही. एक डिसेंबरला याच पदावर, याच पगारावर रुजू होईन. येण्याआधी महिनाभर लेखी कळवीन. नोकरीत खंड धरू नये. ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये रेवाचं नाव राहू द्यावं, त्या काळातला हप्ता मी भरते. पीएफ त्या महिन्यांत कापला जाणार नाही, हे मला मान्य. आणि शेवटी, माझ्यामागे काम कोण बघेल: तिघांची नावं, प्रत्येकासमोर कामं. काही अडलंच तर मंगळवारी दुपारी मी अर्धा तास फोनवर.

एचआरचे नंदकिशोर सर पत्र वाचून म्हणाले, "छान लिहिलंय. पण तीन नावं कशाला? मोठे सर विचारतील, जबाबदार कोण? एक नाव टाका. क्लीन दिसतं."

"एकावर सगळं पडेल ना, सर."

"अहो, मनस्वी आहे ना तुमच्या हाताखाली? तिला तयार पण तुम्हीच केलीये. एक ओळ टाका, की ती सक्षम आहे. नाहीतर हे माझ्याच टेबलावर पडून राहील. बघा."

मी टाकली. 'माझी सर्व कामं मनस्वी समर्थपणे सांभाळू शकते.' ही ओळ लिहिताना मला वाटलं, पोरीचं भलं होतंय.

मनस्वी इथल्याच सारसोळे गावची. बी.कॉम., पण कंपनीच्या रोलवर नाही, कॉन्ट्रॅक्टरकडून आलेली. हुशार, थोडी तोंडाळ. मी नाव घातलंय म्हटल्यावर म्हणाली, "मॅडम, पगार पन तुमचा देतील का मग?" आणि स्वतःच हसली.

मंजुरीचा मेल आला: 'आपल्या पत्रातील अटींनुसार रजा मंजूर.' मी तो घरच्या मेलवर पाठवून ठेवला. माझी ही सवय निखिलला हास्यास्पद वाटते.

घरी रेवा आणि मी ढोलकं वाजवायचो, कुकरची शिट्टी ओळखायचो, 'आ आ' करत कबुतराला बोलवायचो. आणि रोज मनस्वीचा फोन यायचा. मंगळवारी नव्हे, रोज. "मॅडम, कोरियाचं वाक्य कुठलं? मॅडम, फायटोला बोटॅनिकल नाव तेच ना?" मी एका हातानं रेवाच्या कानाचं मशीन धरून दुसऱ्या हातानं कंपनीचं काम करायचे. फुकट. मला ते कामच वाटलं नाही, पोरीला मदत वाटली. ऑफिसवाले तिला मालाच्या गाड्या बघायलाही पाठवत; तिची जेवायची वेळ कुठे जायची ते तिलाच कळायचं नाही. एकदा फोनवर रेवाचा आवाज ऐकून म्हणाली, "बोलली ती? 'आई' बोलली?" तिनंच पहिल्यांदा ओळखलं. मला वाटलं होतं नुसताच हुंकार आहे.

नोव्हेंबर लागताच मी ठरल्याप्रमाणे लेखी कळवलं. उत्तर नाही. पुन्हा कळवलं. मग फोन आला: "जरा येऊन जा. बसून बोलू."

रेवाला घेऊनच गेले. माझ्या टेबलावर मनस्वीची फाइल, माझा कप खिडकीत, त्यात कुणीतरी पेनं ठेवलेली. नंदकिशोर सरांनी केबिनचं दार लावलं. दार लावलं, तेव्हाच मला कळलं.

"बघा ऋता, कामाची फेररचना झालीये. तुमची पोस्ट आता वेगळी उरलेली नाही."

"म्हणजे?"

"ते काम मनस्वी बघते. व्यवस्थित बघते. तुम्हीच लिहिलंय की." त्यांनी माझंच पत्र माझ्यासमोर सरकवलं. त्या एका ओळीखाली पिवळी रेघ ओढलेली. "मॅनेजमेंटचं म्हणणं एवढंच, जे काम एका माणसात होतं, त्याला दोन माणसं कशाला? तुम्ही राजीनामा दिलात, तर अनुभवाचं पत्र चांगलं देऊ. बाळ लहान आहे तुमचं. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

माझ्या भल्याचं! माझ्या भल्याचं सांगणारा माणूस हात पुसायच्या रुमालानं चष्मा पुसत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. वरची ओळ त्याला दिसत नव्हती का? 'याच पदावर, याच पगारावर.' तिच्याखाली रेघ नव्हती.

"सर, या पत्रातल्या अटी तुम्ही मंजूर केल्यात. त्यात माझी परत यायची अटही आहे. फक्त काम कोण बघेल ती ओळ मंजूर आणि बाकीच्या नाहीत, असं कसं?"

"पोस्टच नाही म्हटल्यावर..."

"मग तसं लेखी द्या. त्याच मेलवर उत्तर म्हणून द्या."

जरा हसून त्यांनी इंटरकॉम उचलला आणि मनस्वीला बोलावलं. त्यांना वाटलं, आता प्रश्नच मिटेल.

मनस्वी बारीक झाली होती. रेवाला बघून तिचा चेहरा क्षणभर खुलला, मग पुन्हा उतरला.

"मनस्वी, मॅडमचं सगळं काम तू एकटी बघतेस ना? काही अडत नाही ना? जानेवारीत तुझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायचंय, आपण रोलवर घ्यायचाही विचार करतोय. सांग त्यांना."

मी मनातल्या मनात तिला 'हो' म्हणायची परवानगी देऊन टाकली होती. घरात ती एकटीच कमावणारी. मी म्हटलं असतं का 'नाही'? खरंच माहीत नाही.

"नाय सर," ती म्हणाली. "मी एकटीनं नाय करत. रोज मॅडमना फोन करते. त्या सांगतात तसं लिहिते."

"रोज?"

"रोज. रजेवर होत्या तरी. आनि द्राक्षांचे कंटेनर लागले की मला झेपनार नाय. चुकेल माझं. मग तुमी मलाच धरनार."

"तुला कळतंय का, तू काय बोलतेयस?"

"हो सर. जाऊ मी? खाली गाडी थांबलीय."

ती गेली. नंदकिशोर सरांनी माझं पत्र उचलून परत फायलीत घातलं. द्राक्षं तोंडावर आलेली, मंजुरी लेखी, बिनपगारी माणसाकडून रोज काम करून घेतल्याचं त्यांच्याच केबिनमध्ये उघड झालेलं. संध्याकाळी मेल आला: एक डिसेंबरला हजर व्हावे.

मी हजर झाले. त्याच पदावर, त्याच पगारावर. शेजारची खुर्ची रिकामी.

"तिला कॉन्ट्रॅक्टरनं कमी केलं," नंदकिशोर सर म्हणाले. "ती आपल्या रोलवर नव्हतीच. आणि स्वतःच म्हणाली ना, झेपत नाही म्हणून?"

म्हणजे तिचं खरं बोलणंही त्यांनी तिच्याविरुद्धच वापरलं! 'समर्थ आहे' म्हटलं तर मी जाणार, 'झेपत नाही' म्हटलं तर ती जाणार. दोन माणसांचं काम सहा महिने एका पगारात, तेही कॉन्ट्रॅक्टच्या पगारात करून घेतलं, ते कुणालाच झेपत नाही, हे कुठल्या पत्रात लिहायचं? मोठ्या सरांना मी मेल लिहिला, सगळं मांडलं. उत्तर नाही. विजयमालाताई म्हणाल्या, "आता तरी गप ऱ्हा. तुझी पोर हाय." त्या वाईट अर्थानं नव्हत्या म्हणत. मेडिक्लेमवर रेवाचं नाव आहे, म्हणून मी त्या खुर्चीत बसून आहे. बसते तेव्हा दर वेळी संताप येतो.

मनस्वी माझा फोन उचलत नाही. सारसोळ्याला तिच्या घरी जाऊन आले. तिची आई, शेवंताबाई, दारातच उभी राहिली. "कामाला लागली हाय. मार्केटच्या बाजूला, कोनत्यातरी एक्स्पोर्टवाल्याकडं. तुझ्याशी बोलाचं नाय म्हनते." मग रेवाकडे बघून आवाज खाली आणला. "रातच्याला जेवत नाय बाय, तशीच झोपते. तू सांग तिला. माझं ऐकत नाय."

पण माझं कुठे ऐकते ती.

म्हणून तुम्हाला सांगतेय. वाशीच्या मार्केटला, तुर्भ्याला, फळं बाहेर पाठवणाऱ्या कुठल्याही ऑफिसात तुमचं जाणं-येणं असेल, तर कागदांच्या टेबलावर नवीन लागलेली सारसोळ्याची मुलगी दिसते का बघा. थोडी तोंडाळ आहे, लगेच ओळखाल. ती रजेवर गेलेल्या कुणाच्या जागी बसलीय का, आणि तिला स्वतःच्या नावाचं पत्र मिळालंय का, तेवढं विचारा. दुपार टळली असेल तर आधी विचारा, जेवलीस का. माझं नाव सांगू नका. सांगायचंच झालं, तर एवढंच सांगा की रेवा आता तिचंही नाव घेते.