साठपासून सुरू झालेला आलेख

मुलांनी गणितं जोडीने सोडवली तर फरक पडतो का, याचा छोटा अभ्यास हडपसरच्या उल्काताईंनी आपल्या पाचवीच्या वर्गात केला होता. सरासरी गुण बासष्टवरून सहासष्टवर गेले. सारांशात त्यांनी सरळ लिहिलं, 'एकच वर्ग, तुलनेला दुसरा नाही. ठाम निष्कर्ष काढता येत नाही.' पोस्टरची मांडणी त्यांनी शेजारच्या वर्गावरच्या जिवलग मैत्रिणीकडे, वल्लरीकडे सोपवली. सूचनाही लिहून दिल्या: आलेख मधोमध, उभा अक्ष शून्यापासून, मर्यादा ठळक अक्षरांत.

शिक्षक परिषदेत उल्काताईंनी पोस्टर उलगडून फलकावर लावलं आणि त्यांची नजर आलेखावर थांबली. अक्ष साठपासून सुरू होत होता, त्यामुळे दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसत होता. मर्यादांचं वाक्य गायब. नाव मात्र त्यांचंच.

"अगं, तुला बक्षीस मिळावं म्हणून केलं. एवढं बारीक कोण बघतंय?" वल्लरी हसून म्हणाली.

"मी बघते. म्हणूनच तू मला आधी दाखवलं नाहीस."



उल्काताईंनी पोस्टर उतरवलं आणि फलकावर सारांशाचा मूळ कागद टाचला. दिवसभर त्या तिथे एकट्याच उभ्या राहिल्या. वल्लरीने चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही.