पेंड घालू नका

सकाळी रामप्रसादनं फलकावर नोटीस चिकटवली तेव्हापासून माझं कामात लक्ष नव्हतं. तो आमच्या दूध सोसायटीचा सचिव, मी कारकून. चेअरमन मोहनराव तात्यांनी फोनवरून सांगितलं, त्यानं लिहिलं आणि वर गोल शिक्का हाणला.

'सर्व सभासद व ग्राहकांस सूचित करण्यात येते की, तांत्रिक कारणास्तव सदर पशुखाद्याचे वितरण व वापर पुढील आदेशापर्यंत स्थगित ठेवण्यात येत आहे. कृपया सहकार्य करावे.'

तांत्रिक कारण कसलं डोंबलाचं! परतीच्या पावसात गोदामाचं छप्पर गळलं आणि सरकी पेंडेच्या पोत्यांना आतून बुरशी लागली. कळेपर्यंत अर्धी पोती विकली गेली होती. काल दोन गाईंनी चारा सोडला, तेव्हा जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "ही पेंड आजच्या आज बंद करा. गाभण जनावराला तर अजिबात नको."

"रामप्रसाद, कुणाला कळायचं हे?" मी विचारलंसुद्धा.

"सोसायटीची भाषा अशीच असती," तो म्हणाला आणि तालुक्याला निघून गेला.

लोक किटल्या घेऊन येत होते, दूध मोजून देत होते, फलकाकडे बघून जात होते. कुणी काही विचारत नव्हतं. दर वेळी वाटायचं सांगून टाकावं, पण चेअरमनच्या हुकमापुढं माझं धाडस होत नव्हतं.

संध्याकाळी अंगद आला. बारावी झालेला, पहिल्या वेताची गाभण म्हैस बाळगून असलेला. त्या म्हशीचं नाव काढलं की त्याचा चेहरा उजळायचा. आज मात्र तो घाईत होता.

"वैनी, बरं झालं नोटीस लावली. पेंड बंद व्हनार म्हनून शेजारच्या म्हाळूचं अर्धं पोतं उचलून आनलं. त्यो ऊसतोडीला चाललाय, त्याच्याकडं पडूनच व्हतं."

मी खुर्चीवरून उठलेच. "घातलीस का म्हशीला?"

"दुपारीच. सकाळपासनं मंद हाय ती, म्हनलं जरा जास्त घालावी."

"अरे बाबा, ती पेंडच खराब आहे! बुरशी लागलीय तिला!"

किटली तिथंच टाकून त्यानं गाडीला किक मारली. मी डॉक्टरांना फोन लावला आणि मग तो कागद फलकावरून ओरबाडून काढला. जाड पेन घेऊन मी नवीन कागदावर लिहिलं:

'सरकी पेंड जनावराला घालू नका. दसऱ्यानंतर सोसायटीतून नेलेल्या पोत्यांना बुरशी लागली आहे. ती खाऊन जनावर आजारी पडतं. गाभण जनावराला जास्त धोका आहे. उरलेली पेंड परत आणा, अर्धं पोतं असलं तरी आणा. पैसे परत देऊ. जनावर चारा खात नसेल तर लगेच डॉक्टरांना बोलवा. ही पेंड खाल्लेल्या जनावराचं दूध डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. छप्पर गळत होतं, आम्ही लक्ष दिलं नाही. चूक आमची आहे.'

तेवढ्यात तात्या आले. चष्मा लावून त्यांनी वाचलं.

"बाकी राहू दे. शेवटची ओळ काढ. निवडनूक तोंडावर हाय."

"तात्या, चूक कुणाची ते सांगितलं नाही तर बिघडलंय काय हेच लोकांना पटणार नाही. पोतं कोण परत आणेल?"

"त्यांना येडं समजतीस का? अंगद शिकलेला हाय. त्याला बी कळली नसंल का नोटीस?"

मी लगेच अंगदला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून डॉक्टरांचा आवाज येत होता.

"अंगद, मी तात्या बोलतोय. तू नोटीस वाचली न्हवतीस का?"

"वाचली की, तात्या," अंगद रडवेला झाला होता. "वाचली म्हनून तर जास्त आनली."

तात्या खुर्चीत बसले. त्यांनी पेन मागितलं, सही केली आणि कागद घेऊन स्वतः मारुतीच्या देवळात गेले. गावभर भोंग्यावर त्यांचा आवाज घुमला. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली. अंधार पडायच्या आत पोती यायला लागली, काही डोक्यावर, काही मोटारसायकलवर.

अंगदची म्हैस वाचली. गाभ मात्र पडला.

तिसऱ्या दिवशी तो स्वतःचं आणि म्हाळूचं अशी दोन्ही पोती घेऊन आला. मी पैसे पुढं केले, त्यानं न मोजता खिशात घातले. मग फलकासमोर उभं राहून त्यानं नोटीस अगदी सावकाश वाचली.

"वैनी," माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "हे तर समद्यांला कळतंय. मग पयलीच अशी का म्हनून न्हाई लावली?"