फायबर कोणासाठी

आहारतज्ज्ञ साक्षीने सोमवारी नबीसाबच्या फाईलवर फायबरचा फॉर्म्युला, म्हणजे नळीने पोटात सोडायचं तंतुमय तयार अन्न, लिहिला, तेव्हा तिने नबीसाबला पाहिलंही नव्हतं. आहार विभागाच्या टेबलावर अकरा चिठ्ठ्या साचल्या होत्या आणि त्याच्या चिठ्ठीवर एवढंच होतं, साधा फॉर्म्युला चालू, जुलाब होतात. सोलापुरातल्या त्या रुग्णालयात ही जुनीच खोड होती: जुलाब म्हटले की फायबर. साक्षीला नोकरी लागून वर्ष झालं होतं आणि खोड तिलाही लागली होती.

गुरुवारी राउंडला वॉर्डाच्या डॉक्टर मृत्युंजय सरांनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं. होटगीचा नबीसाब आता हाडांचा सापळा झाला होता. त्याच्या पोटावर पिशवी होती आणि तिच्यात हिरवट पाणी साठत होतं. सोमवारी दोन लिटर, काल अडीच. लघवी जेमतेम चारशे मिली, किडनीचे रिपोर्ट बिघडत चाललेले. शिरेतून सलाईन चालूच होतं, पण नुसत्या सलाईनवर कुणी अंग धरत नाही.

सर म्हणाले, रविवारपर्यंत पिशवीतलं पाणी आटोक्यात आलं नाही तर अन्न पुन्हा मानेतल्या शिरेतून द्यावं लागेल. सिस्टर चन्नम्मांनी मान खाली घातली. मागच्या खेपेला मानेतल्या नळीतूनच जंतू रक्तात गेले होते आणि नबीसाब आठ दिवस व्हेंटिलेटरवर होता. तेच दुसऱ्यांदा झालं तर तो वाचेल, असं कोणालाच वाटत नव्हतं.

"फायबर वाढवायचं, का साध्यावर परत जायचं?" सरांनी विचारलं.

 साक्षीने मुदत मागितली आणि पहिल्या ऑपरेशनची जुनी फाईल मागवली. ती तिने सुरुवातीपासून वाचली. रक्तपुरवठा तुटून लहान आतड्याचा बराचसा भाग काळा पडला होता, तो काढून टाकलेला. उरलं होतं फक्त शंभर सेंटिमीटर, आणि त्याचं टोक पोटावर बाहेर काढलेलं. मोठं आतडं आत होतं, पण अन्नाच्या वाटेत नव्हतं. जे फायबर मोठ्या आतड्यातल्या जंतूंनी पचवायचं, ते तिथवर पोहोचणारच नव्हतं. तीन दिवस ते पिशवीत जात होतं.

तिची तिलाच चीड आली. ही फाईल सोमवारीही वॉर्डातच होती.

सरांच्या केबिनमध्ये ती एका दमात बोलली. साध्या फॉर्म्युल्यातली प्रथिनं अखंड असतात. ती फोडून शोषायला आतड्याची लांबी लागते, ती याच्याकडे नाही. पेप्टाइडच्या फॉर्म्युल्यात प्रथिनं आधीच बारीक तुकड्यांत असतात, आणि बरीचशी चरबी पित्ताची फारशी वाट न पाहता शोषली जाणारी. खात्री नाही, पण आजमावण्यासारखा तोच आहे. पंपाने ताशी वीस मिलीपासून हळूहळू वाढवू. जुलाब जंतूंमुळे नाहीत, ती तपासणी निरंक आलीच आहे.

सरांनी ऐकून घेतलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "बदल एवढाच लिही. सोमवारचं उकरू नकोस."

सल्ला तिच्या भल्याचा होता. पण कारण लिहिलं नाही, तर रविवारी ड्युटीवर येणारा डॉक्टर पिशवी भरलेली पाहून पुन्हा फायबर लावणार, हे तिला लख्ख दिसत होतं. तिने पेन उचललं: 'सोमवारी फायबर सुरू केलं तेव्हा ऑपरेशनची नोंद वाचली नव्हती. मोठं आतडं मार्गात नाही, फायबरचा फायदा अपेक्षित नाही, पुन्हा देऊ नये. साधा फॉर्म्युला शोषला गेला नाही. पेप्टाइड बहात्तर तास. पिशवी दीड लिटरच्या आत आणि लघवी आठशेच्या वर हवी, नाहीतर फेरविचार.' खाली तिने सही केली.

पलंगाशी नबीसाबची बायको जुलेखा उभी होती. फाईलवर काय लिवलं ते मला सांगा, म्हणाली. साक्षीने सगळं सांगितलं, आपलं चुकलं तेही. जुलेखा नवऱ्याचे पाय चेपू लागली.

"तीन दिस ह्यांचं अंग उगाच झिजलं म्हना की."

"हो," साक्षी म्हणाली. 

शुक्रवारी पिशवी दोन लिटरवर होती. शनिवारी सतराशे. रविवारी सकाळी ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरने पिशवी पाहिली, फायबर लिहायला फाईल उघडली, पान वाचलं आणि पेन खिशात ठेवलं. दुपारी मोजमाप झालं: पिशवीत तेराशे, लघवी नऊशे. मानेतल्या नळीचं सामान बाहेर आलंच नाही.

साक्षीला रडू आवरेना. तिने जुलेखाला आकडे सांगितले, मनातून थोडी शाबासकीची वाट पाहत.

जुलेखाने नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी केली. शेजारच्या पलंगावर आज सकाळीच कुणी आलं होतं, त्याच्याकडे तिने हनुवटीने दाखवलं.

"त्यांची फाईल वाचली का, बाई?"

साक्षीने डोळे पुसले आणि ती शेजारच्या पलंगाकडे गेली.