एकाच ठशाच्या फायली

शंभूराजनं दुपारी जेवतानाच जाहीर करून टाकलं होतं, "अक्का, अप्पांचं सगळं उतरवून झालं. एक धडा सुटलेला नाही." आणि वर दोन चपात्या जास्त खाल्ल्या होत्या. बोलताना जीभ जरा आवरावी, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. इंदिरानगरच्या कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा हा पठ्ठ्या. स्वतःच्या चुका शोधायची वेळ त्याच्यावर फारशी आलीच नव्हती.

काम तसं जिवाचं होतं. वडील अप्पासाहेब चामराजपेटातले नावाजलेले शिंपी. चौदा वर्षांपूर्वी एका छोट्या शिकवणीच्या साइटवर त्यांनी कटिंगचे धडे घालायला सुरुवात केली होती. ब्लाउज, कुर्ता, शर्ट, परकर, काय वाट्टेल ते. आधी कन्नडमध्ये सांगायचं, मग तेच घरच्या मराठीत. गेल्या वर्षी त्यांना झटका आला, उजवा हात गेला आणि वाचाही गेली. समजतं सगळं, पण तोंडातून शब्द नाही. तेव्हापासून रक्षिता, शंभूची थोरली बहीण, खालच्या खोलीत शिलाईचा वर्ग चालवते तो याच धड्यांवर. अप्पांचा आवाज आता तेवढाच उरला होता. आणि ती साइट आज संध्याकाळी सहाला कायमची बंद होणार होती.

आठवडाभर शंभूनं एक छोटा प्रोग्राम लावून सगळे धडे हार्ड डिस्कवर ओढले. साइटवर फायलींची नावं म्हणजे नुसते आकडे. यानं प्रत्येकीचं बारसं केलं. आधी अभ्यासक्रम, मग धड्याचा क्रमांक, मग विषय: 'ब्लाउज, ०७, कटोरी'. 'शर्ट, ०३, कॉलर'. यादी उघडली की कसं भरल्या कपाटासारखं नीटनेटकं दिसे. साइटवर जितके धडे होते तितक्याच फायली डिस्कवर. मोजून पाहिल्या, चार-दोन उघडून पाहिल्या आणि छाती फुगवली.

राहिलं होतं ते शेवटचं झाडलोट काम. अप्पांनी कित्येक धडे दोन-दोन अभ्यासक्रमांत घातले होते, त्यामुळे एकच व्हिडिओ दोन नावांनी आला होता. जेवणानंतर रक्षिता शेजारी येऊन बसली, तिच्या बाजूला खुर्चीत अप्पा.

"नावं वेगळी असतील तर एकच आहे हे तुला कळणार कसं रे?" रक्षितानं विचारलं.

"हॅश काढायचा," शंभू म्हणाला. "फाईलच्या अंगठ्याचा ठसाच समज. आतला एकूण एक बाइट मोजून प्रोग्राम एक लांबलचक आकडा देतो. नाव बदललं तरी ठसा तोच. आतलं टिचभर बदललं तरी ठसा पार वेगळा. दोघींचा ठसा जुळला की एक ठेवायची, दुसरी काढून टाकायची."

"सरी, बरं, काढ."

पंखा गरगरत होता, डिस्क कुरकुरत होती. थोड्या वेळात पडद्यावर गट यायला लागले. परकराचा घेर दोनदा. मापं घेण्याचा धडा दोनदा. "बघ!" शंभू म्हणाला. मग एक गट आला तो थांबेचना. कॉलर, कटोरी, फुग्याची बाही, कुर्त्याची कळी, मुलांचा शर्ट... चाळीसेक फायली, आणि सगळ्यांचा ठसा एकच. खाली बटण होतं: एक ठेवा, बाकीच्या काढा. शंभूचं बोट बटणावर गेलंसुद्धा.

"अय्यो, स्वल्प थांब!" रक्षितानं त्याचं मनगट धरलं. "कॉलर आणि कटोरी एकच कशी असेल? ती गळ्याला, ही छातीला!"

शंभू हसायला गेला, पण हसू ओठांवरच राहिलं. ठसा खोटं बोलत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे त्या चाळीस फायलींच्या आत खरंच एकच गोष्ट होती. त्यानं 'कॉलर' उघडली. व्हिडिओ चालेना. फाईलचा आकार पाहिला, तर एखाद्या चिठ्ठीएवढा. मग त्यानं ती साध्या मजकुराच्या खिडकीत उघडली. आत वेब पान होतं: 'आपले सत्र संपले आहे. कृपया पुन्हा लॉग-इन करा.'

मधेच केव्हातरी लॉग-इन संपलं होतं. साइट व्हिडिओऐवजी हे पान पाठवत राहिली, आणि प्रोग्रामनं ते मुकाट्यानं व्हिडिओ म्हणून साठवलं. वर या शहाण्यानं त्यांना छान छान नावं दिली. नावं बघूनच तो खूश होता. आकाराचा रकाना त्यानं एकदाही पाहिला नव्हता.

"म्हणजे?" रक्षिता म्हणाली.

"म्हणजे हे धडे आपल्याकडे नाहीतच, अक्का. कधी आलेच नाहीत."

"आणि तू जेवताना..." तिचा आवाज फुटला. "उद्यापासून नव्या बॅचला कॉलरपासून सुरुवात आहे! सहाला साइट बंद होतेय शंभू, तुला काही वाटतं का?"

वाटत होतं. खुर्चीतल्या अप्पांकडे बघायची त्याला हिंमत होईना. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते एक शब्द रागावू शकत नव्हते, आणि तेच त्याला सोसेना. सणकन एक शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

त्यानं पुन्हा लॉग-इन केलं. साइट कासवाच्या गतीनं चालत होती. शेवटचा दिवस, सगळे गावभरचे मास्तर आपापलं सामान काढायला धावलेले. एकावेळी दोन धडे ओढले तर दोन्ही अडकत. एकेकच उतरवावा लागणार होता, आणि घड्याळ बघता सगळे येणं शक्यच नव्हतं.

एक बरं होतं. काय काय गेलंय हे शोधावं लागणार नव्हतं. ज्या गटाला त्यानं मघाशी पुसायला घेतलं होतं, तीच गेलेल्या धड्यांची पुरी यादी होती. शिवाय तो वाईट ठसा आता ओळखीचा झाला होता. त्यानं प्रोग्रामला बजावलं, प्रत्येक धडा आला की ठसा काढ, तो या ठशाशी जुळला की जागच्या जागी थांब आणि ओरड.

"आधी कुठला?" त्यानं विचारलं.

रक्षितानं यादी अप्पांच्या पुढ्यात धरली. अप्पांनी डावं बोट टेकवलं. कॉलर. मग बाही. मग कटोरी. बोट कुठंही अडखळलं नाही. कुठला धडा वर्गाला लागेल आणि कशावाचून पोरींचं भागेल, हे त्यांच्या डोक्यात स्वच्छ होतं.

कॉलर आली, ठसा नवा, चालवून पाहिली. खोलीत अप्पांचा जुना खणखणीत आवाज घुमला आणि रक्षितानं पदर डोळ्यांना लावला. "बंद कर, वेळ जातोय," ती म्हणाली. बाही आली. कटोरीला प्रोग्राम किंचाळला: तोच ठसा, सत्र पुन्हा संपलं होतं. शंभूनं शिव्या घालत पुन्हा लॉग-इन केलं. या खेपेला निदान कळलं तरी होतं. कुर्ता आला, कळी आली. बाहेरचा उजेड उतरत गेला. चहा झाकून ठेवला होता तो तसाच गार झाला.

यादीच्या तळाशी एक नाव होतं. 'शर्ट, ११, मुलांचा.' अप्पांचं बोट त्याच्याकडे एकदाही गेलं नव्हतं. शंभूची नजर मात्र सारखी तिथंच जात होती. त्या धड्यात तो स्वतः होता, दहा वर्षांचा. स्टुलावर उभा, हात पसरून, आणि अप्पा त्याची मापं घेत कॅमेऱ्याशी बोलतायत. माप घेताना तो पोट आत ओढायचा, मोठा दिसायला. तेव्हा अप्पा जे म्हणाले त्यावर गल्ली आठवडाभर हसत होती. त्याचं नाव घेऊन अप्पा बोलले, असा जगात तो एकच व्हिडिओ उरला होता.

सहाला थोडाच अवकाश राहिला. एक धडा येईल, फार तर. रक्षिता गळे आणि पट्ट्या वाचून दाखवत होती, आणि अप्पांनी बोट टेकवलं: 'ब्लाउज, १९, उतरत्या खांद्यांचं माप.'

शंभूचा हात माऊसवर तसाच राहिला. मुलांचा शर्ट दाबला असता तर कुणाला कळणार होतं? लॉग-इन गेलं, चुकून दुसराच लागला, काहीही सांगता आलं असतं. "अप्पा," तो कसाबसा म्हणाला, "मुलांचा शर्ट घेऊ का? माझा?"

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण बोट तिथंच होतं, उतरत्या खांद्यांवर. ज्या बाईचे खांदे उतरते असतात, तिला दुकानातला कुठलाच ब्लाउज बसत नाही, हे ते कित्येक वर्षं सांगत आले होते.

शंभूनं उतरते खांदे लावले. धडा सरकत सरकत आला, ठसा निघाला, नवा निघाला. पाठोपाठ त्यानं जीव मुठीत धरून शर्ट लावून पाहिला. आला तो तोच ओळखीचा ठसा. पुन्हा लॉग-इन करायला गेला, तर पडद्यावर नुसता पांढरा कागद. साइट गेली होती.

शंभूला रडू आवरेना. चोवीस वर्षांचा घोडा, हमसून हमसून रडला. "माझ्यामुळं झालं, अप्पा. नुसती नावं देत बसलो मी."

खुर्ची करकरली. अप्पा डाव्या हातानं टेबल धरून उठत होते. रक्षिता धावली, त्यांनी तिला हातानंच बाजूला केलं. भिंतीवरच्या खिळ्याची मापाची टेप काढून गळ्यात घातली आणि कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट दाखवलं. शंभू बावळटासारखा बघत राहिला. अप्पांनी पुन्हा बोट दाखवलं, या वेळी जरा रागानं.

तो स्टुलावर चढला आणि त्यानं हात पसरले. अप्पांनी टेपचं टोक त्याच्या खांद्याला लावलं. एका हातानं जमेना, म्हणून दुसरं टोक त्यांनी त्यालाच धरायला दिलं. रक्षितानं फोन उचलला आणि कॅमेरा चालू केला. अप्पांचे ओठ हलले. आवाज आला नाही. त्यांनी शंभूकडे पाहिलं आणि वाट बघत थांबले.

मग शंभूला कळलं. धडा त्याला पाठ होता. त्या दिवशी तीन वेळा परत करून घेतला होता अप्पांनी.

"आधी खांदा," तो चिरक्या आवाजात म्हणाला. "हाडापासून हाडापर्यंत. मग छाती, टेपखाली दोन बोटं सैल. पोरगं वाढतं असतं, शिलाई आत राखून ठेवायची..." टेप पोटाशी आली. अप्पांनी त्याच्या पोटावर टिचकी मारली. त्यानं पोट आत ओढलं होतं.

"पोट आत ओढू नको रे शंभू," शंभू म्हणाला, अगदी अप्पांच्या ढंगात, "नाहीतर कापड खोटं बोलेल."

अप्पा हसले. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते.

रात्री जेवायच्या आधी शंभूनं ती फाईल डिस्कवर घेतली. वेब पान असलेली जुनी फाईल पुसली आणि तिचं नाव हिला दिलं: 'शर्ट, ११, मुलांचा.' चालवून पाहिली. मग ठसा काढला. तो दुसऱ्या कुठल्याही फाईलशी जुळला नाही.