पहिलीच खेप

मी सारजाबाई. तोंडाची फटकळ, घाटनांदुरात कुनालाबी इचारा. मेंढरं इकत घेनारा यापारी माझ्याम्होरं भाव पाडायला धजत न्हाई. पन जिथं तोंड उघडायचं हुतं तिथं मी खोटं बोलले, आन ते आता माझ्या उरावर बसलंय.

गेल्या साली माझी सून ऋतुजा पाच म्हैन्यांची हुती. आमी मेंढरं घेऊन रानात उतरलो हुतो. सकाळी उठून म्हनली, आत्या, खाली जड लागतंय. ना कळ, ना काय. घटकाभरात लेकरू भाईर आलं. पोरगी हुती, माझ्या वंजळीत मावली. मी लिंबाखाली पुरली आन माझ्या लेकाला, लखनला, म्हनलं, याचा बभ्रा करायचा न्हाई. कावून म्हनाल, तर आपल्या जिल्ह्याचं नाव तसलंच झालंय. पाचव्या म्हैन्यात पोट गेलं की लोकं म्हनत्यात, पोरगी हुती, पाडली. आमच्या शेजारच्या वाडीत असंच झालतं, तर पोलिसांनी येऊन जिमीन उकरली. त्या बिचारीनं काईच केलेलं नव्हतं. मला धास्ती बसली. ऋतुजाला बिरोबाची आन घातली, कुनाला सांगायचं न्हाई म्हनून.

यंदा परत दिवस गेले. पाचवा लागला तशी अंबाजोगाईला दवाखान्यात नेली. सोनोग्राफीला लघवी तुंबलेली लागती म्हनून वाटंनं बाटलीभर पानी पाजलं. तिथल्या डॉक्टर मोहिनी मॅडमनी वरून बघितलं आन म्हनल्या, "हिला लघवी करून येऊ द्या. लघवी भरलेली असली की पिशवीचं तोंड उगीच लांब दिसतं. आतून मोजावं लागेल."

घ्या, म्हनलं, पाजलेलं पानी वायाच.

आतून तीनदा मोजलं. सगळ्यात कमी भरलं ते धरलं, अठरा मिलिमीटर. मॅडमनी कागदावर गर्भपिशवी काढून दावली. खालचं बंद तोंड पंचवीसच्या वर लांब पायजे, हिचं आखूड झालंय, असंच आखडत गेलं तर लेकरू येळंआधी भाईर येतं.

"मावशी, नीट सांगा," मॅडम म्हनल्या. "हिला आधी कधी दिवस गेले होते? चौथ्या-पाचव्या महिन्यात, कळा न येताच, काही गेलं होतं का?"

ऋतुजानं माझ्याकडं बघितलं. मला ती उकरलेली जिमीन दिसली.

"न्हाई," मी म्हनलं. "पहिलीच खेप हाय."

"मग टाका नको. आधी तसं गेलेलं असतं तर पिशवीच्या तोंडाला टाका घालायचा म्हटलं असतं. पहिल्याच खेपेला गोळ्यांचा उपयोग होतो. रोज झोपताना एक गोळी खालून आत ठेवायची. दोन आठवड्यांनी परत मोजू."

आन मला, देवा, बरं वाटलं. टाका म्हनजी भूल, आपरेशन. गोळीवर भागलं तर बरंच की. तवाच बोलायचं हुतं. मॅडमनी तर सगळं उघड करून सांगितलतं.

ऋतुजानं एकबी गोळी चुकवली न्हाई. मी मेंढरामागं जाऊ दिलं न्हाई, पान्याची घागर उचलू दिली न्हाई. बाराव्या दिशी सकाळी ती भाकरी करता करता उठली. लुगडं भिजलं हुतं.

लखननं जीप आनली. मॅडमनी बघितलं आन हात धुत म्हनल्या, "पाणी गेलंय, तोंड उघडलंय. आता टाका घालता येत नाही."

दुपारपातूर झालं सगळं. पोरगं हुतं. थोडा येळ हाललं, मग न्हाई. एवढं लेकरू कुठल्याच काचंच्या पेटीत जगत न्हाई, असं नर्स म्हनली. लखन भाईर भिंतीकडं तोंड करून हुबा राहिला.

सांजच्याला मॅडम खाटंपाशी आल्या, कागद भरायला. "पहिलीच खेप ना?"

मी तोंड उघडलं. ऋतुजानं माझ्या हातावर हात ठेवला आन मला गप केलं.

"दुसरी," ती म्हनली. "पहिली पोरगी हुती. पाचव्या म्हैन्यात, रानात. कळा न्हाई आल्या."

मॅडमनी पेन खाली ठेवला. मला राहावलं न्हाई.

"मॅडम, त्या दिशी सांगितलं असतं तर?"

"तर टाका सुचवला असता."

"वाचलं असतं?"

"ते मला सांगता येणार नाही, मावशी. वाचण्याची आशा जास्त होती. पण मी विचारलं होतं. लोक पोलिसांना भितात, ठाऊक आहे, पण मी पोलीस नाही हो." मग ऋतुजाकडं वळून म्हनल्या, "पुढच्या खेपेला तिसरा महिना सरताना ये. तेव्हाच टाका घालायचं बघू."

त्या गेल्यावर मी ऋतुजाच्या पायाशी बसले. माफी मागायची हुती. तिला चिकाचं दूध आलं हुतं, चोळी वली झालती. मी पदरानं पुसाया लागले.

"आत्या," ती म्हनली, "आता परत बिरोबाची आन घालायची असली, तर खरं सांगायची घाला."